शाळा सुटलेल्या मुलांच्या मुलाखती: नाव बदललं की ओळख लपते का?

रानपाखरू

पीएच.डी.साठी ऊसतोड कुटुंबांतल्या, शाळा सुटलेल्या मुलांच्या मुलाखती घेते आहे. बीड जिल्ह्यातले दोन तालुके, १४ ते १७ वयाची वीस-बावीस मुलं-मुली. टोळ्या गावी परतल्या की उन्हाळ्यात मुलाखती होतात, त्यामुळे निम्म्या झाल्या आणि निम्म्या बाकी आहेत. दोन ठिकाणी अडले आहे.

पहिलं कोडिंग, म्हणजे मुलाखतीच्या प्रत्येक तुकड्याला त्याचा अर्थ सांगणारं छोटं नाव देणं. एक्सेलमध्ये उतारे टाकून पुढे कोड लिहीत गेले, तर जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे 'घरची परिस्थिती' नाहीतर 'अभ्यासात रस नाही'. मार्गदर्शक म्हणाले, हे सांगायला मुलाखती कशाला हव्या होत्या?

दुसरं गोपनीयता. प्रबंध शोधगंगावर जाणार, म्हणजे कुणालाही वाचता येणार. मुलांची नावं बदलते आहे, गावाचं नाव देणार नाही. एवढं पुरे का?

आकडेमोड

नावं बदलली, गाव काढलं की गोपनीयतेचा प्रश्न मिटला. नीतिमत्ता समितीही तेवढंच बघते. कोडिंगचं म्हणाल तर दुसऱ्या एखाद्याकडून तेच उतारे कोड करून घ्या आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा आकडा, काढा. ०.८ च्या वर आला तर कोड बरोबर, नाहीतर परत करा. त्याशिवाय परीक्षक सोडणार नाहीत.

स्वप्ना ठाणे

माझ्या भाच्याने नववीत शाळा सोडली आहे. त्याची मुलाखत घ्याल का? त्याला आता दहावीला बसायचं आहे.

निळी शाई

स्वप्नाताई, हा धागा संशोधनाचा आहे. भाच्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज बघा, खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी करा.

रानपाखरू, आधी कोडिंगचं बघू. दोष कोडिंगच्या थोडा अलीकडे असावा असं वाटतं. मुलाखतीत 'शाळा का सोडली?' असं थेट विचारताय का? त्या प्रश्नाला प्रत्येक पोराकडे तयार उत्तर असतं, कारण तो प्रश्न त्याला गुरुजींनी, मामाने, सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी आधीच विचारलेला असतो. 'परिस्थिती नव्हती' म्हटलं की समोरचा गप्प बसतो हे त्याला माहीत आहे.

कारण विचारू नका, क्रम विचारा. शाळेत गेलेला शेवटचा दिवस आठवतो का? त्या दिवशी वर्गात काय चाललं होतं, शेजारी कोण बसायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं? घरात कोण काय म्हणालं? मग मागे जायचं: त्याआधीच्या दिवाळीला कुठे होतात, परत आल्यावर पहिल्या दिवशी वर्गात काय झालं? कागदावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर दिवाळी, कारखाना, पाडवा, परीक्षा अशा खुणा मुलालाच करायला सांगा. महिन्यांची नावं अडतात, सण आणि हंगाम अडत नाहीत. शाळा एका दिवसात सुटलेली नसते हे त्या रेघेवरच दिसायला लागतं. आता कारण सर्वांत शेवटी विचारा आणि आधीच्या हकिगतीशी ताडून बघा. बाकी निम्म्या मुलाखतींत एवढा बदल सहज करता येईल.

गुरुजी बीडवाले

एक विचारतो. 'शाळा सुटलेली' कुणाला धरलंत? आमच्याकडे हंगामाला गेलेल्या पोराचं नाव पटावरच असतं. सलग तीस दिवसांच्या वर गैरहजर तो शाळाबाह्य, असा निकष सर्वेक्षणात लावतात. पण पाडव्याला पोरगं परत आलं की हजेरीत येतं आणि पुढच्या वर्गात जातं. कागदावर गळती शून्य. पोरगं स्वतः म्हणतं 'मी साळा सोडली', आणि आमच्या पटावर ते आठवीत असतं.

आणखी एक. मुलांची यादी तुम्ही शाळेतूनच घेतली असणार. म्हणजे त्या शाळेच्या शिक्षकांना तुमची सगळी मुलं माहीत आहेत.

रानपाखरू

हो, यादी मुख्याध्यापकांकडूनच घेतली. आणि हो, 'का सोडली' हाच माझा तिसरा प्रश्न आहे. :(

गुरुजी, मी मुलाचं स्वतःचं म्हणणं धरलं, पट नाही.

निळी शाई

तेच धरा, पण प्रबंधात स्पष्ट लिहा. मूल 'सोडली' म्हणतं तो क्षण आणि पटावरून नाव जातं तो दिवस यांच्यात कधीकधी दोन-तीन वर्षं असतात. ते अंतर हाच तुमच्या कामातला एक निष्कर्ष होऊ शकतो.

आता कोडिंग. खालचा उतारा मी रचला आहे, कुठल्याही खऱ्या मुलीचा नाही. (खरे उतारे इथे टाकू नका, नाव काढूनसुद्धा.)

> दिवाळी झाली की आमी कारखान्याला गेलो. आलो तवा पेपर झालते. सर म्हनले, तुजं नाव हाय, तू पास. मंग मी सातवीत. पन मला भागाकारच येईना. सर फळ्याकडं बोलवायचे. पोरी हसायच्या. मंग नगंच वाटलं. धाकटी होतीच घरी, तिला कोन सांभाळनार.

तुमच्या पद्धतीने याला 'घरची परिस्थिती' आणि 'रस नाही' असे दोन कोड पडतील. ओळीओळीने वाचून बघा. 'आलो तवा पेपर झालते' म्हणजे हंगामामुळे परीक्षा हुकली. 'तू पास' म्हणजे न शिकता वरच्या वर्गात ढकललं. 'भागाकारच येईना' म्हणजे मागे राहिलेला धडा कुणी भरून दिला नाही. 'फळ्याकडं बोलवायचे, पोरी हसायच्या' म्हणजे चारचौघांत फजिती. 'मंग नगंच वाटलं' हा तिचाच शब्द कोड म्हणून ठेवा. पुढच्या मुलाखतींत तो शब्द कुठे येतो ते बघा. बहुधा तो कुठल्यातरी फजितीनंतर येईल. वरवर बघता तो 'रस नाही' आहे, पण रस जाण्याआधी काय झालं ते तिने क्रमाने सांगितलं आहे.

शेवटच्या वाक्यातला 'होतीच' सोडू नका. ही मुलगी सहावीत होती तेव्हाही धाकटी घरी होती, आणि तेव्हा शाळा सुटली नव्हती. ती मागाहून जोडलेली, सर्वांना पटणारी सबब असू शकते. इथे माझा कोड असेल 'भावंड सांभाळणं: नंतर जोडलेलं कारण'. आणि ज्या मुलीला आई फडावर गेल्यावर खरंच शाळेतून काढून बाळाजवळ बसवलं, तिला वेगळा कोड: 'भावंड सांभाळणं: याचमुळे सुटली'. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, त्या फोडायच्या.

कोडांची वही करा. प्रत्येक कोडापुढे चार गोष्टी: नाव, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, एक नमुना ओळ. 'कधी लावायचा नाही' हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि तिथेच कोड फुगतो. एखादा कोड जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत पडत असेल तर तो कोड नसून तुमच्या विषयाचं नाव आहे, फोडा. एकदाच पडलेला कोड मात्र लगेच पुसू नका, बाजूला ठेवा.

नंतर कोडांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडून कोण कोणाच्या आधी येतं ते बघा. वरच्या उताऱ्यातून आशयसूत्र निघेल ते असं काहीसं: 'परत आल्यावरची शाळा मुलाला पुन्हा आत घेत नाही'. हे विधान आहे, ते खोटंही ठरू शकतं, म्हणून तपासता येतं. 'आर्थिक कारणे' हा नुसता मथळा आहे, त्याचं काय तपासणार?

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. टॅगेट किंवा क्वालकोडर फुकट आहेत, आणि देवनागरी मजकूर घेतात.

आकडेमोड

आणि कप्पा?

निळी शाई

तुमचं म्हणणं एका प्रकारच्या कामाला लागू आहे. वही आधीच पक्की आहे, उताऱ्यांचे तुकडे आधीच ठरलेले आहेत आणि दोघे तीच वही लावताहेत, तिथे कप्पा काढण्यात अर्थ आहे. इथे वही अजून घडते आहे. वरच्या उताऱ्यात एकाने 'फळ्याकडं' पासून तुकडा धरला आणि दुसऱ्याने 'पोरी हसायच्या' एवढाच धरला, तर दोघांचा अर्थ एकच असूनही आकडा पडतो. आशयसूत्रं कशी शोधायची याची ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ची मांडणी बहुतेक प्रबंधांत उद्धृत होते. त्याच दोघी नंतर वारंवार सांगत आल्या आहेत की त्यांच्या पद्धतीत असा सहमतीचा आकडा बसत नाही.

दुसरा वाचणारा हवाच, पण आकड्यासाठी नाही. दोन-तीन मुलाखती दोघांनी वेगवेगळ्या कोड करायच्या, मग समोरासमोर बसून जिथे पटलं नाही तेवढंच बोलायचं, आणि वहीत काय बदललं ते तारखेसह लिहायचं. परीक्षकांना तो कागद दाखवा.

आकडेमोड

परीक्षक संख्याशास्त्राचे असले तर हे ऐकणार नाहीत. पण ठीक.

कोरडवाहू

याच पट्ट्यात संस्थेचं काम करतो, म्हणून गोपनीयतेवर लिहितो. 'नाव बदललं की झालं' हे बाहेरच्या वाचकापुरतं खरं. पुण्यातल्या माणसाला तुमची मुलगी ओळखू येणार नाही, आणि ओळखली तरी त्याला काय फरक पडतो? धोका आहे तो तिला आधीच ओळखणाऱ्यांकडून: मुकादम, मुख्याध्यापक, होणारी सासू, चुलता. त्यांना नाव लागतच नाही.

उदाहरण म्हणून (हेही रचलेलंच): 'मुलगी, १६, सातवीत सोडली, वडील वारलेले, आई आणि मामा मिळून एक कोयता म्हणजे ऊसतोडीची जोडी, कर्नाटकातला कारखाना, चार बहिणी.' नाव नाही, गाव नाही. पण त्या दोन तालुक्यांत अशी किती घरं असतील? टोळीतल्या कुणालाही दोन मिनिटांत कळेल. आणि तिने मुलाखतीत सांगितलं असेल की मुकादमाने खाडे जास्त लावले, तर पुढच्या हंगामाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची आहे हे लक्षात घ्या. त्याचा राग मुलीवर नाही निघत, आईच्या हिशोबावर निघतो.

म्हणून प्रत्येक तपशिलाला दोन प्रश्न विचारा. हा कुणाला ओळखीचा वाटेल? आणि माझ्या मुद्द्याला तो लागतो का? चार बहिणी मुद्द्याला लागत नसतील तर 'भावंडं' लिहा. कर्नाटक लागत नसेल तर 'दूरचा कारखाना'. वडील वारल्यामुळेच कोयता मोडला आणि मुलीला उभं राहावं लागलं असा मुद्दा असेल तर वडिलांचं राहू द्या, आणि मग बाकी सगळं पुसट करा.

परिशिष्टात प्रत्येक मुलाची एकेक ओळ असलेला तक्ता देऊच नका. वय, जात, इयत्ता, भावंडं, कारखाना असं ओळीने दिलं की आपण होऊन ओळखपत्र छापून दिल्यासारखं होतं. एकत्रित आकडे द्या: इतक्या मुली, इतके मुलगे, इतक्यांची शाळा आठवीच्या आत सुटली. एखाद्या गटात एक-दोघंच असतील तर तो गट शेजारच्या गटात मिळवा.

रानपाखरू

तो तक्ता मार्गदर्शकांनीच मागितला आहे! आणि प्रत्येक अवतरणाखाली 'स-७' असा क्रमांक देते आहे. तो तरी चालेल ना?

कोरडवाहू

तक्ता मार्गदर्शकांना दाखवा, ग्रंथालयाच्या प्रतीत घालू नका.

'स-७' मधली अडचण अशी. तिसऱ्या प्रकरणात स-७ म्हणते वडील वारले, चौथ्यात स-७ म्हणते सर फळ्याकडे बोलवायचे, पाचव्यात स-७ मुकादमाबद्दल बोलते. एकेक अवतरण निरुपद्रवी, पण शोध-खिडकीत 'स-७' टाकलं की तिची पूर्ण हकिगत एका जागी येते. नाजूक अवतरणांखाली क्रमांक देऊ नका, फक्त 'मुलगी, १५–१७' लिहा. कोणतं अवतरण कुणाचं ही किल्ली तुमच्याकडे, वेगळ्या फाइलीत, परवलीचा शब्द लावून, आणि उताऱ्यांच्या लॅपटॉपवर नको.

आणि ऋणनिर्देश! आत गाव लपवायचं आणि पहिल्या पानावर 'अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक' यांचे आभार मानायचे, हे सर्रास चालतं. क्षेत्रभेटीचे फोटो स्टेटसला टाकणंही त्यातलंच.

गुरुजींचा यादीचा मुद्दा खरा आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी यादी मोठी मागा, आणि तिच्यात शाळेत जाणारी मुलंही असू द्यात. त्यांतल्या काहींशीही बोला, नाही तर पाच मिनिटं तरी बसा. कोण नमुन्यात आहे ते शाळेला सांगू नका. झालेल्या मुलाखतींबाबत मात्र शाळेला माहीत आहे असं धरूनच अवतरणं निवडा. शिक्षकांवर टीका असेल तर शाळाच ओळखू येणार नाही इतकं ते सैल करा.

निळी शाई

पूर्ण अनुमोदन. उताऱ्यांतली नावं झाकताना मराठीचा एक खास त्रास आहे तो जोडतो. 'पाटोदा' शोधून बदलायला सांगितलं तर 'पाटोद्याला', 'पाटोद्याच्या' तसेच राहतात. 'मोरे' बदललं तरी 'मोऱ्यांच्या पोराला' राहतं. वर हा 'ऱ्य' दोन-तीन तऱ्हांनी टंकला जातो, डोळ्यांना सारखा दिसतो पण शोधाला सापडत नाही. म्हणून पूर्ण शब्द न शोधता टर्मिनलमध्ये ही आज्ञा देऊन त्याचं खोड शोधा:

```
grep -nE 'पाटोद|मो(र|ऱ)' *.txt
```

यात 'मोर' आणि 'समोर'ही येतील. येऊ द्यात. एकेक ओळ बघून हाताने बदला, 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. बदललेल्या जागी [तालुका अ], [मुकादम] असं कंसात लिहा, म्हणजे नंतर वाचताना काय झाकलं ते कळतं. नावांबरोबर टोपणनावं, देवस्थानं, यात्रा, कारखान्याचे अध्यक्ष हेही शोधा. 'आमच्या यात्रंला' म्हटलं की गाव सांगितल्यासारखंच आहे.

ध्वनिमुद्रणं टंकायला बाहेर देत असाल तर तालुक्याच्या गावात देऊ नका. टायपिंग करणारा त्याच भावकीतला निघू शकतो, आणि आवाज झाकता येत नाही. व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका, तुम्ही आपल्याकडून पुसलं तरी त्याच्या फोनवर उतरलेली फाइल राहतेच. स्वतःच्या फोनवर मुद्रण करत असाल तर आपोआप होणारा ड्राइव्ह बॅकअप आधी बंद करा. आयफोनचं मुद्रण तर सवयीने फाइलीला ठिकाणाचंच नाव देतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. टंकलेलं एकदा ऐकून पडताळलं की मुद्रण पुसा, आणि किती दिवसांत पुसणार ते संमतिपत्रात लिहा.

गुरुजी बीडवाले

संमती कुणाची घेता? पोरांचे आईबाप सही करतात, पण बऱ्याचदा वाचून नाही.

कोरडवाहू

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमती आणि पालकांची संमती अशी दोन्ही आहेत. त्या वैद्यकीय संशोधनाच्या आहेत, पण समित्या सामाजिक संशोधनालाही त्याच लावतात. पालकांना वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. इथे नेमका मुकादम किंवा सरपंच पुढे येतो, कारण गावात अंगठ्याशेजारी सही करायची सवय त्यांनाच असते. त्याला साक्षीदार केलंत की गोपनीयता तिथेच संपली. दुसऱ्या वस्तीवरची आशाताई, बचत गटातली बाई, अशी ज्यांच्याशी देणंघेणं नाही ती व्यक्ती बघा.

आधी मुलाशी बोला की पालकांशी, यावर मतं वेगळी आहेत. पालकांनी 'हो' म्हटल्यावर पोरगं 'नाही' म्हणू शकत नाही हे मात्र नक्की. म्हणून मुलाखत सुरू झाल्यावर मध्ये एकदा आपणच विचारायचं, 'थांबूया का?' डोळे खाली, 'हं', 'माहीत नाही' अशी सलग दोन-चार उत्तरं आली की तोच नकार समजायचा.

आता जड भाग. 'तू जे सांगशील ते कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधकाला सूट नाही. आणि लग्न झालेली सोळा वर्षांची मुलगी याच चौकटीत येते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अठराच्या आतली असेल तर बलात्काराच्या कायद्यातला विवाहाचा अपवाद लागू नाही असं ठरवलं. ही मर्यादा संमती घेतानाच, मुलाखतीच्या आधी, सोप्या भाषेत सांगा: 'तुला कुणी शरीराला त्रास दिला असं तू सांगितलंस तर मला ते कळवावं लागेल.' १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाचा कागदही जवळ ठेवा.

रानपाखरू

पण असं आधी सांगितलं तर लग्न झालेली मुलगी बोलणारच नाही. आणि माझ्या नमुन्यात शाळा सुटण्याचा एक मोठा रस्ता तोच आहे.

कोरडवाहू

बरोबर, नाही बोलणार काही जणी. माझ्या मते लग्न झालेल्या, अठरा पूर्ण नसलेल्या मुली नमुन्यात घेऊच नयेत. अठरा-एकोणीसच्या मुलींना मागचं विचारा. निदान तेव्हा निर्णय तिचा तिला घेता येतो.

निळी शाई

याला माझा थोडा विरोध आहे. त्यांना वगळलं की प्रबंधात शाळा फळ्यापाशी सुटलेली दिसेल आणि मांडवात सुटलेली दिसणारच नाही. शिवाय अठरा पूर्ण झालेल्या मुलीने लहानपणीचं सांगितलं तरी कळवण्याचा प्रश्न पूर्ण सुटतो असं नाही. रानपाखरू, हे इथे ठरवू नका. समितीपुढे लेखी प्रश्न मांडा आणि लेखी उत्तर घ्या, बाकीच्या मुलाखती त्यानंतर.

कोरडवाहू

समितीकडे नेण्याबद्दल वाद नाही. वगळण्यावर मी ठाम आहे.

गुरुजी बीडवाले

एक राहिलं. वरच्या उताऱ्यातली ती बोली, 'झालते', 'म्हनले', ती छापणार की शुद्ध करणार? आमच्याकडं दोन कोसांवर बोली बदलते. ऐकणाऱ्याला वस्ती कळते.

रानपाखरू

मी तशीच ठेवते आहे. शुद्ध केली की ती मुलगी न राहता माझंच बोलणं होतं असं वाटतं.

निळी शाई

कोडिंग करताना तशीच ठेवा, 'होतीच' मधला 'च' शुद्ध करताना गळून गेला असता. छापताना मी तालुक्याची खूण सांगणारे शब्द तेवढे बदलतो आणि बाकीची बोली ठेवतो, पण मग ती अर्धवट बोली वाचताना खोटी वाटते असाही आक्षेप ऐकला आहे.

आकडेमोड

प्रमाण मराठीत द्या आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं लिहा. बोलीचा अभ्यास नाही ना हा?

गुरुजी बीडवाले

आकडेमोड, पोरांचं बोलणं प्रमाण मराठीत दिलं तर ती पोरं शाळा सुटलेली वाटणारच नाहीत. :) बरं, रानपाखरू, जिल्ह्यातले कुठले दोन तालुके?

कोरडवाहू

गुरुजी, ते इथे नको. रानपाखरू, पहिल्या पोस्टमधून जिल्ह्याचं नावही काढून टाका, संपादनाची सोय आहे तोवर.